घोरणं थांबतं तेव्हा



एक प्रश्न विचारून सुरुवात करतो. तुमच्या घरात कोण घोरतं? मनातल्या मनात उत्तर द्या. बहुतेकांच्या मनात दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आलं असेल. वडील, नवरा, सासूबाई, मोठा भाऊ. स्वतःचं नाव फार थोड्यांच्या मनात आलं असेल, आणि त्यात नवल नाही. आपलं घोरणं आपल्याला ऐकूच येत नाही. ज्या आजारावर मी आज बोलणार आहे, त्याची सगळी अडचण इथून सुरू होते. आजार एकाला असतो आणि तो दिसतो दुसऱ्याला.

या आजाराला इंग्रजी नावावरून आपले डॉक्टर ‘स्लीप अॅप्निया’ म्हणतात. झोपेत घशाची वाट बंद पडून श्वास पुन्हा पुन्हा थांबणं, एवढाच त्याचा अर्थ. हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं ते एका दुःखद बातमीमुळे. संगीतकार बप्पी लाहिरी 15 फेब्रुवारी 2022 रोजी मुंबईत गेले, वयाच्या 69 व्या वर्षी. त्यांच्या डॉक्टरांनी जे आजार सांगितले त्यांत हा एक होता. ती बातमी वाचून अनेकांनी विचारलं, घोरण्यानं माणूस जातो का हो? नुसत्या घोरण्यानं जात नाही. बप्पीदांना इतरही त्रास होते. पण श्वास थांबणं वर्षानुवर्षं चालू राहिलं, तर ते रक्तदाब, हृदय आणि मेंदू या तिघांवर भार टाकतं, आणि हे मात्र खरं आहे.

तेव्हा पहिला मुद्दा असा की घोरणाऱ्या प्रत्येकाला हा आजार नसतो. मग कुणाला असतो?

आपल्या नाकामागून स्वरयंत्रापर्यंत जी वाट आहे, तिला हाडाचा आधार नाही. ती स्नायूंनी उघडी धरलेली असते. जागेपणी हे स्नायू काम करतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा ओढली की पडजीभ आणि आसपासचा मऊ भाग थरथरतो. तो थरथराट म्हणजे घोरणं. वाट आणखी अरुंद झाली, तर मऊ रबरी नळी तोंडानं जोरात ओढल्यावर जशी आतल्या आत चिकटते, तशी ती चिकटून बंद होते. आता हवा जातच नाही. हवा नाही म्हणून थरथराट नाही, आणि थरथराट नाही म्हणून आवाजही नाही. घोरणं थांबतं.

आणि आपण काय म्हणतो? ‘चला, थांबले एकदाचे. आता शांत झोपले.’

मंडळी, ते शांत झोपलेले नसतात. त्या वेळी छाती आणि पोट हवा ओढायची धडपड करत असतात. नीट पाहिलंत तर पोट वर येतं तेव्हा छाती आत जाते. दोन्ही उलट दिशांना हलतात. दहा सेकंद जातात, वीस जातात, कधी कधी मिनिटभर जातं. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो. मग मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, काही क्षणांपुरती जाग आणतो, स्नायू ताठ होतात आणि वाट उघडते. एक मोठा हुंदका, घरघर, अंगाला झटका. पुन्हा घोरणं सुरू. सकाळी यातलं काहीच आठवत नाही, कारण ती जाग तीन-चार सेकंदांचीच असते. असं रात्रीतून शंभर, दोनशे, तीनशे वेळा होऊ शकतं. माणूस आठ तास अंथरुणावर असतो, पण झोप त्याच्या वाट्याला तुकड्या-तुकड्यांनीच येते.

म्हणून घोरण्याचा आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कसा आहे हे ऐका. एका लयीत रात्रभर चालणारं घोरणं कमी काळजीचं असतं. जास्त काळजीचं ते, जे चढत जातं, अचानक तुटतं, काही वेळ काहीच ऐकू येत नाही आणि मग गुदमरल्यासारख्या आवाजानं परत येतं. 

इथे आपल्या विदर्भाची एक अडचण सांगतो. मार्च ते जून आपल्याकडे रात्रभर कुलर चालतो. कुलरच्या घरघरीत ही शांतता ऐकूच येत नाही. जुन्या लोकांना विचारा. उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर किंवा अंगणात झोपायचं, तेव्हा कोण कसं घोरतं हे सगळ्यांना माहीत असायचं. आता खोल्या वेगळ्या झाल्या आणि कुलरही आले. त्यामुळे शंका असेल तर एक करा. कुलर थोडा वेळ बंद ठेवा आणि मोबाईलवर पाच-सात मिनिटांचं चित्रीकरण करा. छाती आणि पोट दोन्ही दिसू द्या. माणूस उताणा झोपलेला असेल आणि वेळ पहाटेची असेल तर उत्तम, कारण स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि तेव्हा स्नायू सगळ्यात सैल असतात. डॉक्टरांसमोर ‘फार घोरतात हो’ असं दहा वेळा सांगण्यापेक्षा हे चित्रीकरण दाखवणं अधिक उपयोगाचं.

आता दुसरा मुद्दा. रात्री जे घडतं, त्याच्या दिवसा काय खुणा दिसतात?

पहिली खूण म्हणजे अवेळी झोप. जेवणानंतर डुलकी लागणं वेगळं. बैठकीत, कीर्तनात, बसमध्ये, कुणी समोर बोलत असताना डोळे मिटणं वेगळं. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये यासाठी आठ प्रश्नांची एक साधी पट्टी केली. वाचताना, टीव्ही पाहताना, तासभर गाडीत मागे बसल्यावर, दुपारी आडवं झाल्यावर अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. बेरीज दहाच्या वर गेली तर ती झोप नेहमीची नाही. माझा आग्रह असतो की हा कागद नवरा-बायकोनं वेगवेगळा भरावा. तो स्वतःला सहा गुण देतो, ती त्याला चौदा देते, आणि बहुतेक वेळा तिचा आकडा खरा निघतो.

दुसरी खूण लोकांच्या लक्षात येत नाही. रात्रीतून तीन-चार वेळा लघवीला उठणं. पन्नाशीचा पुरुष असेल तर आपण प्रोस्टेट म्हणतो, नाहीतर साखर तपासतो. दोन्ही तपासायलाच हवं. पण बंद घशाशी झगडताना छातीत जो ओढ देणारा दाब तयार होतो, त्यानं हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो. हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय, आणि ते मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायला लावणारा द्राव सोडतं. म्हणजे झोप लघवीनं मोडली असं माणसाला वाटतं, आणि खरं कारण आदल्या मिनिटाला बंद पडलेल्या श्वासात असू शकतं.

बाकीच्या खुणा भराभर सांगतो. सकाळी उठल्यावर डोकं जड असणं किंवा दुखणं आणि तासाभरात उतरणं. तोंडाला कोरड. चिडचिड, विसरभोळेपणा. आणि रक्तदाब, जो तीन-तीन गोळ्या घेऊनही खाली येत नाही. अशा रक्तदाबाच्या रुग्णाला त्याच्या झोपेबद्दल विचारलंच पाहिजे.

आता वजनाचं. लठ्ठपणा आणि जाड मान हे मोठं कारण आहे, यात शंका नाही. शिंप्याची टेप घ्या आणि गळ्याचा घेर मोजा. चाळीस सेंटिमीटरच्या वर असेल तर सावध राहा. पण सडपातळ माणसानं निश्चिंत राहू नये. खालचा जबडा लहान किंवा मागे असेल तर जिभेला मुळातच जागा कमी पडते, आणि आशियाई माणसांत ही ठेवण बरीच दिसते. दारू आणि झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे, तरी हे सभागृहात बोललंच पाहिजे, कारण रात्री घेतलेला घोट साधं घोरणं श्वासबंदीपर्यंत नेऊ शकतो.

हे किती लोकांना असतं? आपल्या राज्यातलाच एक अभ्यास आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये तो प्रसिद्ध केला. 35 ते 65 वयाचे 658 पुरुष त्यांनी पाहिले आणि त्यांतल्या 250 जणांचा झोपेचा तपास घरीच केला. शंभरात सुमारे साडेएकोणीस जणांत श्वासाचा बिघाड आढळेल आणि साडेसात जणांत त्याच्या जोडीला दिवसाची झोपही असेल, असा त्यांचा अंदाज निघाला. हे मुंबईचे शहरी पुरुष होते. वर्ध्याला तोच आकडा लावता येणार नाही. पण ‘हा परदेशातला आजार आहे’ असं म्हणायला त्यानंतर जागा उरली नाही.

आणि स्त्रिया? त्या अभ्यासात स्त्रिया नव्हत्या, आणि आपल्या दवाखान्यांतही त्या कमी दिसतात. बाई घोरते हे सांगायला घराला संकोच वाटतो, आणि तिलाही. शिवाय तिच्या तक्रारी वेगळ्या असतात. ती ‘झोप येते’ म्हणत नाही. ती म्हणते थकवा जात नाही, रात्री झोप लागत नाही, डोकं दुखतं. मग तिला लोहाच्या गोळ्या मिळतात, नाहीतर झोपेच्या. पाळी गेल्यानंतर हा धोका वाढतो. आज इथे बसलेल्या भगिनींना मी मुद्दाम सांगतो, हे तुमच्याबद्दलही आहे.

आता तिसरा मुद्दा, ज्याची लोकांना सगळ्यात जास्त भीती वाटते. स्लीप स्टडी म्हणजे नेमकं काय करतात?

सुई नाही, शॉक नाही, भूल नाही. अंगाला ज्या तारा लावतात, त्या अंगात काही सोडत नाहीत; फक्त नोंद घेतात. त्या दिवशी दुपारी झोपू नका, दुपारनंतर चहा-कॉफी घेऊ नका. डोकं धुऊन या आणि तेल लावू नका. तेलकट केसांत तार चिकटत नाही, आणि आपल्याकडे बरेच जण आंघोळीनंतर सवयीनं तेल चोपडतात. बोटाला नेलपॉलिश नको. नेहमीची औषधं घ्या आणि कोणती घेता ते सांगा. स्वतःची उशी आणली तर झोप लवकर लागते.

संध्याकाळी तंत्रज्ञ पाऊण तास तारा लावतो. डोक्याला काही, त्यांतून मेंदूची झोप कळते. डोळ्यांच्या बाजूला, त्यांतून स्वप्नांची झोप कळते. हनुवटीला आणि पायांना. छातीवर ईसीजीच्या. नाकाखाली एक बारीक नळी, ती हवेचा प्रवाह मोजते. छातीभोवती एक पट्टा आणि पोटाभोवती एक. हे दोन पट्टे फार महत्त्वाचे, कारण हवा बंद असताना पट्टे हलत असतील तर वाट अडली आहे, आणि पट्टेही स्थिर असतील तर मेंदूनं श्वासाचा हुकूमच दिला नाही. हा दुसरा प्रकार वेगळा, त्याचे उपचारही वेगळे. शेवटी बोटाला ऑक्सिजनचा चिमटा.

मग तंत्रज्ञ सांगतो, डोळे मिटा, उजवीकडे-डावीकडे बघा, दात आवळा, पाय हलवा. तारा नीट बोलताहेत ना, याची ती खात्री. दिवा बंद होतो. तंत्रज्ञ शेजारच्या खोलीत रात्रभर पडद्यापुढे बसतो. लघवीला जायचं असेल तर हाक मारा, एक जोडणी काढली की उठता येतं. ‘मला तिथे झोपच लागणार नाही’ असं सगळेच म्हणतात. घरच्यासारखी लागत नाही हे खरं, पण तपासापुरती बहुतेकांना लागते.

कोविडच्या काळात घरोघरी बोटाचं ऑक्सिमीटर आलं. त्यावर जागेपणी 97 दिसतं म्हणून काही लोक हा तपास टाळतात. पण जागेपणी तर घसा उघडाच असतो. तो आकडा रात्रीबद्दल काहीच सांगत नाही.

आता एक कागद वाचून पाहू. माणूस कल्पनेतला आहे, आकडे समजावेत म्हणून मी उभा केलाय. सिंदी मेघेत राहणारा, वय 48, मालवाहू गाडी चालवणारा. गळा 42 सेंटिमीटर, बायकोनं भरलेल्या पट्टीवर 14 गुण. रात्री 10:40 ला दिवा बंद, सकाळी 5:40 ला चालू. म्हणजे 420 मिनिटांची नोंद. ही नोंद तीस-तीस सेकंदांच्या पानांत वाचतात. अशी 840 पानं एक प्रशिक्षित माणूस डोळ्यांखालून घालतो, म्हणून रिपोर्टला काही दिवस लागतात.

त्याला खरी झोप लागली 350 मिनिटं. त्या वेळात श्वास पूर्ण अडला 120 वेळा. मेंदूचा हुकूमच न आल्यानं थांबला 6 वेळा. आणि 84 वेळा पूर्ण न थांबता बराच कमी झाला, त्यानं ऑक्सिजन घसरला किंवा झोप मोडली. श्वास थांबला असं म्हणायला तो किमान दहा सेकंद थांबावा लागतो. एकूण 210. भागिले झोपेचे 5 तास 50 मिनिटं. उत्तर 36. हा आकडा रिपोर्टवर ‘एएचआय’ म्हणून येतो. तासाला पाचपर्यंत नेहमीचं मानतात, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या पुढे तीव्र. आपला चालक तीव्र गटात गेला.

पण एवढ्यावर कागद मिटू नका. खालची ओळ वाचा. तो उताणा झोपला अडीच तास, त्यात 140 वेळा, तासाला 56. कुशीवर झोपला 3 तास 20 मिनिटं, त्यात 70 वेळा, तासाला 21. म्हणजे कुशीवर झोपल्यानं फरक पडतो, पण फक्त कुशीवर झोपून त्याचं भागणार नाही. ऑक्सिजन सर्वांत खाली गेला 78 पर्यंत.

आता हाच माणूस हाच तपास घरी करून घेतो असं समजा. घरचं यंत्र लहान, स्वस्त, सोयीचं. पण त्यात डोक्याच्या तारा नसतात. म्हणजे झोप मोडली हे त्याला कळतच नाही. 84 पैकी अर्धे, म्हणजे 42 प्रसंग फक्त झोप मोडून संपले होते असं धरू, ते गळाले. उरले 168. शिवाय तो किती वेळ झोपला हेही यंत्राला माहीत नाही, म्हणून ते सगळ्या सात तासांनी भागतं. उत्तर 24. माणूस तोच, रात्र तीच, आणि तीव्र आजार कागदावर मध्यम झाला.

म्हणून घरचा तपास वाईट का? नाही. खुणा ठळक असतील आणि हृदय-फुप्फुसाचा मोठा आजार नसेल तर तो पुरतो. त्यात आजार सापडला तर तो आहेच. पण सापडला नाही आणि तरी माणूस दिवसा पेंगतोय, बायको श्वास थांबताना पाहतेय, तर ‘नॉर्मल’ या शब्दावर थांबू नका. रुग्णालयात रात्रभराचा पूर्ण तपास मागा. दोन्ही तपासांत हेही पाहा की माणूस उताणा झोपला होता का आणि पहाटेपर्यंत नोंद झाली का. पहाटे तीनलाच तारा काढून घरी गेलेल्या माणसाचा आकडा कमीच येणार.

काही वेळा पहिल्या दोन तासांतच आजार इतका उघड दिसतो की तंत्रज्ञ मध्यरात्री उठवून नाकावर मास्क लावतो. घाबरू नका, ही प्राणवायूची नळी नाही. साधी हवाच थोड्या दाबानं घशात जाते आणि वाट आतून उघडी धरते. हे सीपॅप यंत्र, सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये जगापुढे ठेवलेलं. सुरुवात पाण्याच्या चार सेंटिमीटर दाबानं करतात आणि श्वास, ऑक्सिजन, घोरणं सुधारेपर्यंत एकेक सेंटिमीटर वाढवतात. नुसता ऑक्सिजन लावणं हा यावरचा उपाय नव्हे. वाट बंद ती बंदच राहते. वजन, जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण, काही ठरावीक रुग्णांत शस्त्रक्रिया, हे पर्याय पुढचे, आणि ते रिपोर्ट पाहूनच ठरतात.

सुरुवात कुठे करायची? आपल्या शेजारी सावंगी मेघेला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे, तिकडे सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय. कान-नाक-घसा किंवा मेडिसिनच्या ओपीडीत जा आणि सोबत शेजारी झोपणाऱ्या माणसाला न्या. एकट्यानं गेलात तर अर्धी माहिती घरीच राहील. रात्रपाळी करत असाल तर ते आधी सांगा, तपास तुमच्या झोपेच्या वेळी व्हायला हवा. आणि कोणतीही शस्त्रक्रिया ठरली असेल, अगदी हर्नियाची, तर भूलतज्ज्ञांना ‘मी जोरात घोरतो, श्वास थांबतो असं घरचे म्हणतात’ हे वाक्य सांगा. भूल आणि वेदनाशामक औषधं हाच घसा सैल करतात. त्यांना आधी कळलं तर शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री ते तुमच्यावर नजर ठेवतील.

गाडी चालवणाऱ्यांना एक शेवटची गोष्ट. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. सरळ रस्ता, एकसारखा वेग. ताशी शंभरच्या वेगात चार सेकंद डोळे मिटले तर गाडी एकशे दहा मीटर चालकाशिवाय जाते. खिडकी उघडणं, गाणी लावणं, खर्रा तोंडात टाकणं यानं ती झोप थांबत नाही. गाडी बाजूला सुरक्षित जागी घ्या, वीस मिनिटं झोपा. आणि डुलकी नेहमीचीच असेल, तर तपास होऊन उपचार लागू पडेपर्यंत रात्रीची फेरी घेऊ नका. मालकाला काय सांगायचं, हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. रिपोर्टची प्रत दाखवा आणि दिवसपाळी मागा. उपचार नीट सुरू असलेला चालक पुन्हा रात्री गाडी चालवू शकतो, हेही त्याला सांगा, कारण नोकरी जाईल या भीतीनंच बरेच जण तपासाला येत नाहीत.

आता तुमची एक चिठ्ठी घेतो. तिच्यात विचारलंय, सहा वर्षांचा मुलगा घोरतो, चालेल का? रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, तर चालणार नाही. त्याच्या टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी दाखवून घ्या. मुलं पेंगत नाहीत, उलट जास्त चळवळी होतात आणि अभ्यासात मागे पडतात, त्यामुळे शाळेतून तक्रार आली तर रात्रीचं चित्रीकरण त्याचंही करा.